३०४ मधून १७८

वजाबाकीचं एक उदाहरण मुलासमोर जेमतेम दोन सेकंद धरायचं. तेवढ्या वेळात उत्तर निघत नाही, पण उदाहरण किती अवघड आहे ते दिसतं. मग कागद उलटा करायचा आणि विचारायचं, "असलं गणित तुला सुटेल असं किती वाटतं?" समोर दहापासून शंभरापर्यंत आकडे लिहिलेली पट्टी. दहा म्हणजे अजिबात खात्री नाही, शंभर म्हणजे पक्की खात्री. मूल एका आकड्यावर बोट ठेवतं, आपण तो टिपून घ्यायचा आणि पुढचं उदाहरण धरायचं.

अल्बर्ट बांडुरा आणि डेल शंक या दोघांनी १९८१ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात मुलांचा स्वतःबद्दलचा अंदाज असा मोजलेला आहे. बांडुरा स्टॅनफर्ड विद्यापीठात मानसशास्त्र शिकवत. एखादं ठरावीक काम आपल्याला जमेल की नाही याबद्दल माणूस मनात जो अंदाज बांधतो, त्याला त्यांनी सेल्फ-एफिकसी म्हटलं आणि १९७७ पासून पुढची कित्येक वर्षं तो अंदाज कुठून येतो आणि माणसाकडून काय करून घेतो याचा माग काढला. हात घालायचा की नाही, घातला तर किती वेळ चिकटून राहायचं, अडलं तर सोडून द्यायचं की दुसरी वाट शोधायची, हे बरंचसं त्या अंदाजावर ठरतं, हे त्यांचं मुख्य म्हणणं.

आमचं गाव सातारा जिल्ह्यातलं, ऊसपट्ट्यातलं. समाजमंदिरात संध्याकाळी मुलांचा अभ्यासवर्ग भरतो आणि चौथी ते सहावीचं गणित मी घेते. जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर मोठ्या अक्षरात उदाहरणं लिहून ती दोन सेकंदांची पद्धत मी आमच्या वर्गात वापरते. त्यातून मला जे दिसलं ते सांगण्यासाठी हा लेख.

पाचवीतल्या एका मुलीचं सांगते. ४७ वजा २३ दाखवलं, तिनं बोट शंभरावर ठेवलं. ५२ वजा २७ ला ऐंशी. ४३२ वजा १७८ ला जरा थांबून चाळीस. मग ३०४ वजा १७८ दाखवलं. कागद पुरता उलटायच्या आत बोट दहावर गेलं होतं आणि ती म्हणाली, "ताई, ही नको. हिच्यात शून्य हाय."

हीच मुलगी गुरुवारच्या बाजारात आईच्या भाजीच्या पाटीजवळ बसते. १७८ रुपयांची भाजी घेऊन कुणी पाचशेची नोट दिली तर ती दोन रुपये हातावर ठेवते आणि म्हणते "एकशेऐंशी", मग वीस ठेवते, "दोनशे", मग शंभराच्या तीन नोटा, "पाचशे". झाली वजाबाकी, तीही वरच्या आकड्यात दोन शून्यं असलेली. तिथं तिला कुणी खात्री विचारली तर प्रश्नच कळणार नाही. म्हणजे "या मुलीला आत्मविश्वास नाही" असं म्हणून आपण मोकळे होऊ शकत नाही. बाजारात तिचा अंदाज भक्कम आहे. वहीवरच्या बिनशून्याच्या वजाबाकीतही बरा आहे. तो एका विशिष्ट जागी, वरच्या आकड्यातल्या शून्यापाशी कोसळतो. बांडुरांच्या सगळ्या मांडणीत मला सर्वांत उपयोगी वाटलेली गोष्ट हीच आहे: अंदाज माणसाबद्दल नसतो, कामाबद्दल असतो, आणि म्हणून तो उदाहरणागणिक विचारावा लागतो.

तिचा अंदाज चुकीचाही नव्हता. शाळेची वही उघडली तर शून्याच्या प्रत्येक वजाबाकीवर लाल फुली होती. ज्याला दरवेळी फुली मिळाली त्यानं "पुढचीही चुकेल" म्हटलं तर तो आळस म्हणायचा नाही, ती हिशेबी गोष्ट आहे. घरचे म्हणतात, "अगं, प्रयत्न तर कर." पण तिच्याजवळ प्रयत्नांची नोंद आहे आणि ती नोंद तिच्या बाजूनं नाही. बांडुरांनी अंदाजाचे चार झरे सांगितले: स्वतः करून आलेला अनुभव, आपल्यासारख्या दुसऱ्याला करताना पाहणं, कुणी विश्वासानं सांगणं, आणि त्या वेळी शरीराला काय जाणवतं ते, म्हणजे धडधड, घाम, पोटातला गोळा. यात पहिला सगळ्यांत जोरकस. नुसत्या सांगण्यानं चढलेला अंदाज पहिल्याच फुलीला उतरतो, कारण वहीतला पुरावा बदललेला नसतो. तेव्हा पुरावा बदलायचा. पण कोणता पुरावा मुलाच्या मनात पुरावा म्हणून धरला जातो, ही खरी गोम आहे.

आधी ती चुकत कुठं होती ते पाहू. ३०४ मधून १७८ चं तिचं उत्तर २७४ यायचं. चारातून आठ जात नाहीत, म्हणून आठातून चार घेतले, राहिले चार. शून्यातून सात जात नाहीत, म्हणून सातातून शून्य, राहिले सात. तिनातून एक, राहिले दोन. वरचा-खालचा न बघता मोठ्यातून लहान काढायचा, ही चूक जगभरची मुलं करतात. ती निष्काळजीपणाची चूक नाही, तो तिचा नियमच आहे आणि ती तो इमानदारीनं पाळते. वर्गातल्या दुसऱ्या एका मुलाचं उत्तर २२६ येतं. त्याला शून्याचे नऊ होतात एवढं पाठ आहे, पण ते नऊ शतकाकडून आले आणि म्हणून वरच्या तिनाचे दोन व्हायला हवेत, हे त्याच्या हातून सुटतं. दोघांनाही एकसारखी फुली मिळते. एकाला वजाबाकीचा अर्थ नव्यानं लागायला हवा, दुसरा फक्त एक पाऊल मागं आहे. फुलीतून हे कळत नाही, म्हणून "तू कुठवर बरोबर होतास" हेही त्याला कधी कळत नाही. खात्रीनं बरोबर जमलेला भागसुद्धा फुलीखाली गाडला जातो.

त्या मुलीसाठी मी खेळण्यातल्या नोटा घेतल्या. शंभराच्या तीन आणि रुपयाची चार नाणी. म्हटलं, "यातून मला एकशे अठ्ठ्याहत्तर दे." आठ नाणी द्यायला गेली तर चारच. दहाची नोट मोडावी तर दहाची एकही नाही. ती थोडा वेळ नोटांकडे बघत राहिली. मग शंभराची एक नोट माझ्याकडे सरकवली आणि म्हणाली, "सुट्टे द्या." मी दहाच्या दहा नोटा दिल्या. त्यातली एक तिनं परत सरकवली, "हिचेपण." दहा नाणी दिली. आता तिच्यासमोर शंभराच्या दोन, दहाच्या नऊ आणि चौदा नाणी होती. चौदातून आठ दिली, सहा उरली. नवातून सात, दोन उरल्या. दोनातून एक, एक उरली. एकशे सव्वीस. शून्याचे नऊ का होतात हे तिला कुणी सांगितलं नाही, तिच्या हाताखालीच झाले. मग १७८ आणि १२६ तिनं स्वतः मिळवून पाहिले, तीनशे चार आले.

मी लगेच पट्टी पुढं केली आणि तसंच एक उदाहरण दाखवलं, ५०३ वजा २४६. बोट वीसावर गेलं. उत्तर बरोबर आलं होतं, पडताळा जुळला होता, तरी दहाचे जेमतेम वीस. विचारलं तर म्हणाली, "नोटा हुत्या म्हणून जमलं."

या एका वाक्यात बांडुरांचं निम्मं संशोधन आहे असं मला मनापासून वाटतं. यश मिळालं, पण ते तिनं स्वतःच्या नावावर जमा केलं नाही, नोटांच्या नावावर केलं. सापांना प्रचंड घाबरणाऱ्या मोठ्या माणसांवर बांडुरांनी जे प्रयोग केले, त्यात त्यांना हेच भेटलं होतं. त्या माणसांना पायरीपायरीनं सापाजवळ नेलं जायचं: आधी दुसऱ्यानं साप हाताळताना बघणं, मग जवळ जाणं, हातमोजे घालून स्पर्श, सोबतच्यानं सापाचं डोकं धरलेलं असताना अंगावर हात फिरवणं, मग उघड्या हातानं, आणि शेवटी साप मांडीवर मोकळा फिरू देणं. हातमोजे आणि सोबत यांच्यामुळे एरवी कधीच घडलं नसतं ते घडायचं. पण ते आधार वेळेवर काढले नाहीत तर माणूस म्हणतो, मोजे होते म्हणून निभावलं. म्हणून आधार हळूहळू काढून घेतले जात आणि मग त्या माणसाला सापाजवळ एकट्यानं वेळ दिला जाई. १९७५ च्या एका अभ्यासात, ज्यांना असा एकट्याचा वेळ मिळाला त्यांचं धैर्य जास्त टिकलं आणि दुसऱ्या प्रसंगांतही जास्त पोचलं, असं दिसलं. दोन वर्षांनंतरच्या अभ्यासात आणखी बारीक गोष्ट कळली. उपचारात शेवटपर्यंतची सगळी कामं करून दाखवलेल्या माणसांचेही पुढचे अंदाज सारखे नव्हते. आणि नंतर कोण काय करू शकेल हे आधी काय करून झालं यापेक्षा त्या अंदाजावरून जास्त बरोबर सांगता आलं. करून झालेलं सारखंच असलं तरी त्यातून प्रत्येकानं घेतलेला अर्थ वेगळा होता.

तेव्हा नोटा काढून घ्यायच्या होत्या, पण एका झटक्यात नाही. पुढच्या वेळी नोटा आणि वही दोन्ही समोर. नोटांमध्ये जे घडेल ते लगेच वहीत लिहायचं: तीनावर काट मारून दोन, शून्यावर काट मारून नऊ, चारावर चौदा. मग क्रम उलटा केला, आधी वहीत काट मारायची आणि मग नोटांनी तपासायचं. हा क्रम उलटा करणं मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. कारण आता गणित वहीत होतं आणि नोटा फक्त साक्षीला उरतात. त्यानंतर नोटा डब्यात, डबा तिच्याजवळ. हवा तर उघड, असं सांगून ठेवलं. ती एखाददुसऱ्यांदा उघडायची, मग उघडेनाशी झाली. एके दिवशी डबा कपाटातच राहिला होता आणि तिनं तो मागितला नाही. त्या दिवशी मी ५०३ वजा २४६ पुन्हा दाखवलं. बोट सत्तरवर.

शिकवणाऱ्याचा हात हाही एक आधारच असतो आणि तो नोटांपेक्षा लबाड. मूल अडलं की आपण पेन्सिल घेतो, "हे बघ, इथं नऊ" म्हणून काट मारून देतो आणि उरलेलं त्याच्याकडून करून घेतो. उत्तर बरोबर येतं, आपण शाबासकी देतो. पण अवघड जागा कुणी ओलांडली हे मुलाला पक्कं ठाऊक असतं. त्या शाबासकीनंतर पट्टी पुढं केली तर बोट हललेलं नसतं. म्हणून आमच्या वर्गात एक रीत आहे: मुलाच्या वहीवर मोठ्यानं पेन्सिल टेकवायची नाही. अडलं तर मागच्या पायरीचं उदाहरण द्यायचं, ते सुटलं की पुन्हा याच उदाहरणावर यायचं. वेळ जास्त लागतो. पण काट त्याच्या हातची असते.

पायऱ्यांबद्दल १९८१ चा तो अभ्यास फार स्पष्ट बोलतो. वजाबाकीत फार मागं असलेली आणि गणिताचा कंटाळा असलेली सात ते दहा वयाची चाळीस मुलं. त्यांना बेचाळीस पानांचं स्वतः शिकायचं साहित्य दिलं आणि सात बैठका ठेवल्या. एका गटाला सांगितलं, रोज निदान सहा पानं करायची. दुसऱ्या गटाला सांगितलं, सातव्या बैठकीअखेर बेचाळीस पानं पुरी करायची. तिसऱ्याला पानांचं काहीच सांगितलं नाही, आणि चौथ्या गटाला ते साहित्यच दिलं नाही. सहा सत्ते बेचाळीस. म्हणजे पहिल्या दोन गटांचं काम अगदी सारखं होतं. तरी रोज सहा पानांचा गट वजाबाकी शिकण्यात आणि स्वतःबद्दलच्या अंदाजातही सगळ्यांच्या पुढं गेला. लांबचं ध्येय दिलेल्या मुलांना त्याचा असा फायदा झाला नाही, ती ध्येय न दिलेल्यांच्या आसपासच राहिली. शेवटी सगळ्यांना मोकळीक दिली, हवं तर वजाबाक्या करा, हवं तर हे दुसरं चिन्हांचं काम करा. रोज सहा पानांवाली मुलं आपणहून वजाबाकीकडे जास्त वळली. आवड आधी आणि जमणं नंतर असं आपण धरून चालतो. इथं जमल्यानंतर आवड आलेली दिसते.

असं का व्हावं? सहा पानं झाली की मुलाला त्याच दिवशी कळतं, मला झालं. बेचाळीसातली सहा झाली की कळतं, छत्तीस राहिली. पानं तीच, पण पहिल्याच्या हातात रोज एक पुरावा येतो आणि दुसऱ्याच्या हातात येतं ते उरलेलं ओझं. माझ्या वर्गात म्हणूनच शून्याच्या वजाबाकीच्या आधी निदान चार थांबे असतात. ६० वजा २४, जिथं एककात शून्य आहे. ३५२ वजा १२८, जिथं एकदाच दशक सुटं करायचं. ४२५ वजा १६२, जिथं शतक सुटं करायचं. ४३२ वजा १७८, जिथं दोन्ही करायचं. मग ३०४. प्रत्येक थांब्यावर एकच नवी अडचण. ज्या दिवशी जो थांबा झाला तो त्या दिवशी झाला म्हणून वहीच्या मागच्या पानावर मूल स्वतः लिहितं.

मात्र थांबे इतके सोपेही करायचे नाहीत की अडखळायलाच होऊ नये. पालक कधीकधी म्हणतात, सोपी सोपी द्या म्हणजे हुरूप येईल. त्या मुलीला मी ४७ वजा २३ ची शंभर उदाहरणं दिली असती तर शंभर बरोबर आली असती आणि ३०४ वरचं बोट दहावरच राहिलं असतं. जे आधीच जमतं ते पुन्हा जमल्यानं नवीन काही सिद्ध होत नाही. बांडुरांचं यावर आणखी कडक म्हणणं आहे: ज्याला फक्त सोपं यश मिळत गेलं तो झटपट फळाची अपेक्षा करायला लागतो आणि पहिल्या अपयशाला खचतो. चिकाटी अडचण ओलांडल्यावरच येते. उलट, सुरुवातीलाच एकामागून एक अपयश आलं तर अंदाज धरतच नाही. पण तो एकदा नीट धरला की अधूनमधूनच्या फुलीनं फारसा हलत नाही. म्हणून अपयश टाळायचं नाही, त्याची वेळ सांभाळायची.

आपण काय बोलतो हे मी आधी गौण ठरवलं, पण यशासोबत आलेलं बोलणं गौण नसतं. शंक यांनी १९८२ मध्ये पुन्हा वजाबाकीवरच एक प्रयोग केला. मुलं स्वतः अभ्यास करत बसलेली असताना कुणीतरी ठरावीक वेळानं जवळ जाऊन एकच वाक्य बोलायचं. काहींना म्हटलं, "तू मेहनत करत आलायस." काहींना, "तुला मेहनत करायला हवी." पहिल्या वाक्यानं मुलांचा अंदाज आणि वजाबाकी दोन्ही जास्त वाढली, दुसऱ्यानं तसं झालं नाही. फरक एवढाच की पहिलं वाक्य झालेल्या कामाकडे बोट दाखवतं आणि दुसरं अजून न झालेल्याकडे. आपल्याकडे दुसरं वाक्य फार ऐकू येतं. "थोडं लक्ष दिलंस तर पहिला येशील" यात प्रेम असतं, मी ते नाकारत नाही, पण मुलाला त्यातून ऐकू येतं की अजून माझ्या हातून काही झालेलं नाही. मी आता वहीवर बोट ठेवून झालेली गोष्ट तेवढी सांगते: "शून्याचे नऊ केलेस आणि तिनाचे दोनही केलेस. काल हे राहत होतं."

आणि माझ्या बोलण्यापेक्षा बरोबरीच्या मुलाचं करणं जास्त पोचतं. शंक आणि अँटोइनेट हॅन्सन यांनी १९८५ मध्ये मुलांना वजाबाकी शिकणाऱ्यांच्या चित्रफिती दाखवल्या. शिक्षक करून दाखवताना पाहिलेल्या मुलांपेक्षा आपल्याच वयाचं मूल शिकताना पाहिलेल्या मुलांचा अंदाज जास्त चढला. मी फळ्यावर ३०४ वजा १७८ सोडवलं तर काय सिद्ध होतं? ताईंना येतं, एवढंच. २२६ उत्तर काढणारा तो मुलगा फळ्यापुढं गेला, तिनाचे दोन करायचं विसरला, पडताळा घेताना अडला, मागं वळून पाहिलं आणि पुसून पुन्हा केलं, तेव्हा मागं बसलेली दोन पोरं पुढं सरकली. त्यांच्यातलंच कुणीतरी ते पार करत होतं.

आता अंदाज वाढल्यानं नेमकं काय बदलतं? कौशल्य तेवढंच असताना नुसत्या अंदाजानं फरक पडतो का, हा प्रश्न विचारायलाच हवा, कारण ज्याला येतं त्यालाच खात्री वाटते असंही असू शकतं. कॉलिन्स नावाच्या संशोधिकेनं १९८२ साली गणितात कमी, मध्यम आणि चांगली अशा तीन पातळ्यांची मुलं घेतली आणि प्रत्येक पातळीत स्वतःबद्दल चांगला अंदाज असलेली आणि कमी अंदाज असलेली वेगळी केली. एकाच पातळीच्या मुलांतही चांगला अंदाज असलेल्यांनी जास्त गणितं सोडवली, चुकीची पद्धत लवकर सोडली आणि चुकलेली गणितं पुन्हा करायला जास्त घेतली. यातलं "चुकीची पद्धत लवकर सोडली" हे मला फार मोलाचं वाटतं. खात्री म्हणजे हट्ट, अशी एक समजूत आहे. इथं उलट दिसतं. ज्याला वाटतं की आपल्याला सापडेल, तोच हातातली वाट सोडायची हिंमत करतो. ज्याला तसं वाटत नाही तो एकच पाठ केलेली वाट घट्ट धरून बसतो, कारण ती सुटली तर मग काहीच नाही.

याला हद्दी आहेत. दशक सुटा करणं ज्याला कळलेलंच नाही, त्याचं बोट कितीही वर गेलं तरी उत्तर येणार नाही. विश्वास कौशल्याच्या जागी बसत नाही. दुसरं म्हणजे, जेफ्री व्हँकूव्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ च्या सुमारास दाखवलं की एकाच माणसाचा अंदाज एका फेरीत फार चढला तर पुढच्या फेरीत तो बेफिकीर होऊन कामगिरी घसरूही शकते. त्यांनी यासाठी रंगांचा दडलेला क्रम ओळखायचा तर्काचा खेळ वापरला होता. बांडुरांच्या बाजूनं आणि विरुद्ध यावर बरंच लिहिलं गेलं. यशानं अंदाज जितका वाढतो, तितक्या जोरानं अंदाज यश वाढवत नाही, असंही पुढच्या अभ्यासांतून पुढं आलं. मला वर्गात दोन्ही दिसतं. शून्याची वजाबाकी नुकती जमलेली मुलं काही दिवस पडताळा घेत नाहीत, आणि नेमकी त्याच दिवसांत ६००४ सारख्या दोन शून्यांच्या उदाहरणात घसरतात. म्हणून पट्टीवर शंभर आलं की मी खूश होऊन थांबत नाही, त्या मुलाचा पडताळा आधी बघते. अंदाज प्रत्यक्षापेक्षा थोडासा वर असावा, एवढंच बरं. तो थोडासा वरचा भागच न जमलेल्या गोष्टीला हात घालायला लावतो.

आणि अंदाज आपोआप शेजारच्या कामात जात नाही. आम्ही भागाकाराला आलो तेव्हा मी पुन्हा पट्टी काढली. ७३६ भागिले २३. त्याच मुलीचं बोट सरळ दहावर गेलं, जणू वजाबाकीचं मधलं काही झालंच नव्हतं. एका अर्थी ते ठीकच आहे. भागाकाराचा पुरावा तिच्याकडे अजून नव्हता. पण मी कागद वहीशेजारी ठेवला आणि म्हटलं, जिथवर जाईल तिथवर जा, तेव्हा पूर्वीसारखं "ही नको" आलं नाही. तिनं ७३ खाली २३ चा भाग चारानं लावला, ९२ आले, ७३ तून जाईनात. खोडलं. दोननं लावला, ४६ आले, ७३ वजा ४६ म्हणून सातावर काट मारून सहा केले, तिनाचे तेरा केले, २७ उतरले. ते २७ बघून थांबली, कारण त्यात आणखी एक तेवीस बसत होता. मग माझ्याकडे वही सरकवून म्हणाली, "ताई, वजाबाकी बरोबर हाय माझी. भाग कितीचा लावायचा, तेवढं सांगा."

मी तिला तेवीसचा पाढा बाजूला लिहून काढायला सांगितलं.